शुक्रवार आणि १३ तारीख: फॉरवर्डमधल्या एकेका मुद्द्याचा हिशोब

"सावधान!! २०२६ मध्ये १३ तारीख आणि शुक्रवार तब्बल तीनदा एकत्र येतोय, फेब्रुवारी, मार्च आणि नोव्हेंबर. असा योग ८२३ वर्षांतून एकदाच येतो. कित्येक वर्षं हा दिवस अजिबात येत नाही आणि अशुभ वर्षी चार-पाच वेळाही येतो. सलग दोन महिने येणं तर नियमाविरुद्धच आहे. लीप वर्षामुळे याचा हिशोब कोणालाच लावता येत नाही. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

यातलं पहिलं वाक्य खरं आहे, तीन महिनेही बरोबर दिलेत, आणि म्हणूनच लोक पुढचं सगळं न तपासता खरं धरतात. शुभ-अशुभ ज्याचं त्याने ठरवावं, मी त्यात पडत नाही. पण वार आणि तारीख हा निव्वळ मोजणीचा विषय आहे, त्यात कोणी काहीही ठोकून द्यावं आणि आपण ते आजी-आजोबांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना पाठवावं हे मला पटत नाही.

आधी ते ८२३ वर्षांचं

२०१५ चं कॅलेंडर काढा. फेब्रुवारी, मार्च, नोव्हेंबर, तेच तीन महिने. २००९ मध्येही तेच, १९९८ मध्येही तेच. मधे २०१२ मध्येसुद्धा तीनदा आला होता, फक्त तेव्हा महिने होते जानेवारी, एप्रिल आणि जुलै. यापुढे २०३७, मग २०४०, मग २०४३. म्हणजे आज चाळिशीत असलेल्या माणसाने हा प्रकार चार-पाच वेळा तरी बघितलाय, लक्ष गेलं नसेल इतकंच.

आणि ८२३ हा आकडा का शक्यच नाही ते सांगतो. आपण जे इंग्रजी कॅलेंडर वापरतो ते दर ४०० वर्षांनी जसंच्या तसं परत येतं, कारण ४०० वर्षांत लीप वर्षं धरून १,४६,०९७ दिवस होतात आणि त्याला ७ ने भागलं की बरोबर २०,८७१ आठवडे येतात, बाकी शून्य. म्हणजे कॅलेंडरमध्ये जे काही एकदा घडतं ते ४०० वर्षांत पुन्हा घडणारच, ८२३ वर्षं वाट बघायला लावणारा वार-तारखेचा योग असूच शकत नाही. एका पूर्ण चक्रात तीन वेळा येणारी वर्षं ५९ आहेत, सरासरी काढली तर साधारण सात वर्षांतून एक.

"अजिबात येत नाही" असं वर्ष

असं वर्ष नसतं, आणि हे समजायला गणिताची पदवी लागत नाही. महिना ३० दिवसांचा असेल तर पुढच्या महिन्यात तीच तारीख दोन वार पुढे सरकते, ३१ चा असेल तर तीन वार पुढे, कारण २८ दिवसांचे चार आठवडे बाजूला काढले की उरतात ते २ किंवा ३ दिवस. एवढंच लक्षात ठेवून आता २०२६ चा फक्त मे ते नोव्हेंबर हा भाग बघू. १३ मे बुधवार. मे ३१ चा, म्हणून तीन वार पुढे, १३ जून शनिवार. जून ३० चा, दोन पुढे, १३ जुलै सोमवार. मग तीन पुढे १३ ऑगस्ट गुरुवार, परत तीन पुढे १३ सप्टेंबर रविवार, दोन पुढे १३ ऑक्टोबर मंगळवार, आणि तीन पुढे १३ नोव्हेंबर शुक्रवार.

आता मोजा. बुध, शनि, सोम, गुरु, रवि, मंगळ, शुक्र. सात महिने, सात वेगवेगळे वार, एकही रिपीट नाही आणि एकही सुटलेला नाही!

हे फक्त २०२६ चं वैशिष्ट्य नाही. दुसऱ्या एखाद्या वर्षी १३ मे सोमवारी असेल तर सगळी साखळी त्या हिशोबाने सरकेल, पण मेपासून नोव्हेंबरपर्यंतचे महिने दरवर्षी तेवढ्याच दिवसांचे असतात त्यामुळे सातही वार एकेकदा भरतातच, आणि त्या सातांत शुक्रवार आलाच. लीप वर्षाचा जादा दिवस फेब्रुवारीत पडतो, म्हणजे या सात महिन्यांच्या आधीच तो विषय संपलेला असतो. मला या सगळ्यात सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे, की पुरावा शोधायला बारा महिने लागतच नाहीत, मधले सात पुरतात.

मग लोकांना असं का वाटतं की मधे एक अख्खं वर्ष कोरडं गेलं? कारण दोन शुक्रवार-तेरांमधलं अंतर कधीकधी १४ महिन्यांपर्यंत जातं. १३ जुलै २०१२ नंतरचा पुढचा थेट १३ सप्टेंबर २०१३ ला होता. पुढेही असंच होणार आहे, १३ ऑगस्ट २०२७ झाला की त्यानंतरचा १३ ऑक्टोबर २०२८. मधे सलग चौदा महिने काही नाही, पण जानेवारी ते डिसेंबर असं वर्ष धरलं तर २०२७ च्या वाट्याला एक आला आणि २०२८ च्या वाट्यालाही एक आला. सलग बारा महिने आणि कॅलेंडरचं वर्ष यांत गल्लत झाली की हा गैरसमज तयार होतो, आणि तो समजण्यासारखा आहे.

चार-पाच वेळा?

तीनच्या वर कधीच नाही. वर्षातले काही महिने एकमेकांना कायमचे बांधलेले असतात. एप्रिलच्या १३ पासून जुलैच्या १३ पर्यंत ३० अधिक ३१ अधिक ३० म्हणजे ९१ दिवस, बरोबर १३ आठवडे, त्यामुळे एप्रिल आणि जुलैमध्ये १३ तारखेचा वार दरवर्षी सारखाच. सप्टेंबर आणि डिसेंबरचंही तसंच, तेही ९१ दिवस. मार्च ते नोव्हेंबर २४५ दिवस, बरोबर ३५ आठवडे, म्हणून ही पण जोडी पक्की. मे, जून, ऑगस्ट आणि ऑक्टोबर एकटे. असे झाले सात गट, प्रत्येकाचा वार वेगळा, आणि कुठल्याही गटात दोनपेक्षा जास्त महिने नाहीत.

राहिले जानेवारी आणि फेब्रुवारी. हे दोघंच काय ते लीप वर्षाप्रमाणे जागा बदलतात. साध्या वर्षात जानेवारी जाऊन ऑक्टोबरच्या गटात बसतो आणि फेब्रुवारी मार्च-नोव्हेंबरच्या गटात, म्हणून तिथे तीन होतात, २०२६ ला झालेत तसे. लीप वर्षात जानेवारी एप्रिल-जुलैच्या गटात जातो, तिथे तीन, २०१२ ला झाले होते तसे, आणि फेब्रुवारी ऑगस्टसोबत जातो, तिथे दोनच. आता चौथा येण्यासाठी काय लागेल, तर जानेवारी आणि फेब्रुवारी दोघंही एकाच जोडीत शिरायला हवेत. पण जानेवारी ३१ दिवसांचा आहे, त्यामुळे या दोन महिन्यांत १३ तारखेच्या वारात कायम तीन दिवसांचा फरक राहतो, ते एका गटात येऊच शकत नाहीत. चौथ्याची वाट इथे बंद होते, पाचव्याचा तर प्रश्नच नाही.

म्हणजे ज्याचा हिशोब कोणालाच लागत नाही असं म्हटलंय तो लीप वर्षाचा परिणाम एवढाच आहे, दोन महिन्यांची जागा बदलणं. बाकीचे दहा महिने आपापल्या गटात तसेच राहतात.

सलग दोन महिने

हा मुद्दा लिहिणाऱ्याने दोन मिनिटं कॅलेंडर बघितलं असतं तरी पुरलं असतं. साध्या वर्षात फेब्रुवारी बरोबर चार आठवड्यांचा असतो, त्यामुळे १ ते २८ मार्चचे वार हे १ ते २८ फेब्रुवारीच्या वारांची हुबेहूब कॉपी असतात. फेब्रुवारीत १३ ला शुक्रवार आला की मार्चमध्ये १३ ला शुक्रवार यायलाच हवा, आला नाही तर ते नियमाविरुद्ध झालं असतं. हां, हे फक्त याच जोडीत होतं आणि तेही लीप नसलेल्या वर्षी, दुसऱ्या कुठल्याही लागोपाठच्या दोन महिन्यांत होत नाही.

तपासायची सोपी ट्रिक: महिन्याची १ तारीख रविवारी असेल तर १३ तारीख शुक्रवारीच पडते. म्हणून नवीन वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लावताना पानं उलटायची आणि कुठल्या महिन्याची सुरुवात रविवारने होतेय तेवढं बघायचं. साध्या वर्षात १ फेब्रुवारी रविवार असेल किंवा लीप वर्षात १ जानेवारी रविवार असेल तर त्या वर्षी तीन, बाकी सगळ्या वर्षी एक किंवा दोन.

अजून एक गोष्ट, जी या मेसेजच्या अगदी उलट जाते. ४०० वर्षांत महिने होतात ४,८००, म्हणजे १३ तारखा पण तेवढ्याच, आणि त्यांतल्या शुक्रवारी पडणाऱ्या आहेत ६८८. बाकी कुठल्याही वारापेक्षा जास्त. गुरुवार आणि शनिवार सगळ्यात कमी, ६८४. फरक अगदीच किरकोळ आहे, त्यातून काही अर्थ काढू नका, पण दुर्मिळ म्हणून ज्या दिवसाची जाहिरात चालू आहे तोच १३ तारखेचा सगळ्यात कॉमन वार निघतो हे सांगितलंच पाहिजे.

हा नियम कुठे चालत नाही

"दरवर्षी किमान एकदा" हे कुठल्याही तारखेला लागू होतं असं मात्र समजू नका. मे ते नोव्हेंबरच्या साखळीत प्रत्येक महिन्यात ती तारीख असायला हवी, म्हणून ३० पर्यंतच्या सगळ्या तारखांना आणि सगळ्या वारांना हे चालतं, स्पेनमध्ये मंगळवार आणि १३ ला घाबरतात, त्यांचाही मंगळवार दरवर्षी एकदा तरी येतोच. पण ३१ तारीख मुळात सातच महिन्यांत असते आणि त्यातला जानेवारी आणि आणखी एक महिना एकाच वारावर पडतात, म्हणून दरवर्षी कुठला तरी एक वार ३१ तारखेविना राहतो. २०२२ मध्ये ३१ तारखेला एकही शुक्रवार नव्हता, बघून घ्या.

दुसरी अडचण म्हणजे वर्षच मधून कापलं गेलं तर. ब्रिटनने १७५२ मध्ये जुनं ज्युलियन कॅलेंडर सोडून आत्ताचं घेतलं तेव्हा बुधवार २ सप्टेंबरनंतर थेट गुरुवार १४ सप्टेंबर आला, म्हणजे त्या महिन्यात १३ तारीखच नव्हती आणि आपली सात महिन्यांची साखळी तिथे तुटते. अशा वर्षी नियमावर भरवसा न ठेवता एकेक महिना मोजावा लागतो, आणि मोजलं तर त्या वर्षीही शुक्रवार दोनदा सापडतो, कॅलेंडर बदलण्याआधी १३ मार्चला आणि बदलल्यानंतर १३ ऑक्टोबरला.