डब्याच्या फोटोखालची ओळ

काल डब्याचा फोटो टाकला. काढायला दहा सेकंद लागले, खालची ओळ लिहायला अख्खी जेवणाची सुट्टी गेली.

आई महिनाभरासाठी मिरजेहून पुण्याला आलीय आणि आल्या दिवसापासून माझा डबा तिच्या ताब्यात आहे. काल दहीभात होता. वरच्या छोट्या ताटलीत दोन तळलेल्या सांडगी मिरच्या आणि कडेला कागदाची इवलीशी पुडी.

आधी लिहिलं, "आईच्या हातची चव!" आणि खोडलं. ही ओळ भेंडीखाली चालते, श्रीखंडाखाली चालते, खानावळीच्या पाटीवरही चालते. मग लिहिलं, "डब्यात भात नाही, माया आहे." हे वाचून माझी मलाच लाज वाटली. आईला दाखवलं असतं तर तिनं विचारलं असतं, "मग भात कुठं गेला?"

काही सुचेना, तेव्हा तिनं सकाळी नक्की काय काय केलं ते आठवत बसले.

सातला भात झाला. पाणी रोजच्यापेक्षा जास्त, कारण गार झाला की भात आवळतो. तो डावानं जरासा घोटला आणि कोमट होईपर्यंत तसाच ठेवला. मग दूध, तेही कोमट, आणि इतकं की बघणाऱ्याला वाटावं, आज खीरच केलीय. दुपारपर्यंत भात ते सगळं पिऊन घेतो. सगळ्यात शेवटी दही, फक्त एक चमचा. भात कढत असताना दही घातलं तर विरजण मरतं. आणि सरळ वाटीभर दही कालवून दिलं, तर या एप्रिलच्या उन्हात एक वाजेपर्यंत तो आंबटढाण होतो. म्हणून ती डब्यात दहीभात भरतच नाही. दूधभात भरते, वर हिंग-मोहरीची निवलेली फोडणी घालते, आणि दही लागायचं काम माझ्या प्रवासात आणि टेबलाखाली चालू राहतं. मिरच्या वेगळ्या, नाहीतर मऊ पडतात. मीठही वेगळं, पुडीत. दुधात आधी मीठ घातलं तर विरजण नीट लागत नाही, असं तिचं म्हणणं आहे. मी कधी ताडून बघितलेलं नाही.

हे दर वेळी जमतंच असं नाही. गेल्या डिसेंबरात ती आली होती तेव्हा मी बॅग नेमकी एसीच्या झोताखाली ठेवली. एकला झाकण उघडलं तर सकाळचा दूधभात जसाच्या तसा, वर फोडणी तरंगतेय. गारठलेलं दूध आणि मोहरी; ज्याला खायचं त्यानं खावं. घरी सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, "बरं." दुसऱ्या दिवशी दही दोन चमचे, दूध जरा जास्त गरम आणि डबा जाड नॅपकिनमध्ये गुंडाळलेला. तो लागला.

हे सगळं फोटोत कुठंय? फोटोत पांढरा भात दिसतो, तो सगळ्यांनाच दिसतो. सकाळचे सात दिसत नाहीत. मला वाटतं ओळीचं काम तेवढंच: फोटोत जे मावलं नाही ते सांगायचं आणि बाजूला व्हायचं. मला काय वाटलं हे लिहायला लागले की मी आईबद्दल लिहीत नसते, माझ्याबद्दल लिहीत असते.

एकदा मनात आलं, तिचंच वाक्य टाकावं. निघताना दारात म्हणाली होती, "डबा आडवा धरू नकोस, आणि झाकण परत आण." लोक हसले असते, लाइक्स जास्त मिळाले असते. पण आईला विनोदी पात्र करणं हेही तिच्या नावानं गहिवरण्याइतकंच सोपं आहे. सोडून दिलं.

शेवटी लिहिलं:

"सकाळी सातला दूधभात. दुपारी एकला दहीभात."

पुढं "थँक्यू आई" आणि एक बदाम टाकला होता, तो काढला. मग "आई"सुद्धा काढलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलानं विचारलं, "म्हणजे दोन डबे आणलेत का?" त्याला विरजण समजावून सांगेपर्यंत सुट्टी संपली. ज्यांच्या घरी असा डबा भरतात त्यांना मात्र विचारावं लागलं नाही. एका मैत्रिणीनं फक्त लिहिलं, "आमच्याकडे अर्धाच चमचा." ती नागपूरची आहे.

संध्याकाळी आईला फोटो दाखवला. तिनं चष्मा कपाळावर सरकवला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि बराच वेळ एका कोपऱ्यात बघत राहिली. ओळीबद्दल चकार शब्द नाही.

"पुडी तशीच दिसतेय," ती म्हणाली. "अळणीच खाल्लास का?"