नेकलाइन तुटली म्हणून टार्गेट येतंच असं नाही

«हेड अँड शोल्डर बनला आणि नेकलाइन तुटली की टार्गेट १०० टक्के येतंच. नेकलाइन सरळ असो की तिरकी, काही फरक पडत नाही. डोक्याची उंची मोजा आणि तेवढंच खाली धरा. भाव परत वर आला तर घाबरू नका, तो रिटेस्ट असतो, अजून शॉर्ट करा. स्टॉपलॉस लावणारेच हरतात. वीकली पुटमध्ये पैसा सगळ्यात लवकर.»

शेअर बाजारात सौदे करणाऱ्यांमध्ये हा मेसेज गेले काही महिने फिरतोय आणि मी तो दुर्लक्षून सोडत होतो. पण आता माझा मामेभाऊ त्यावर विसंबून पुट, म्हणजे भाव पडला तर फायदा देणारा ऑप्शन, घेऊन बसलाय आणि स्टॉपलॉस लाव म्हटलं की हाच मेसेज मला पाठवतो. म्हणून एकदाचं नीट लिहितो.

हेड अँड शोल्डर म्हणजे चार्टवरची तीन शिखरं: मधलं सगळ्यात उंच ते डोकं, दोन बाजूंचे ते खांदे. मधल्या दोन तळांना जोडणारी रेषा ती नेकलाइन, आणि भाव तिच्याखाली गेला की तेजी उलटली असं धरून लोक शॉर्ट करतात, म्हणजे आधी विकून भाव पडायची वाट बघतात. मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य रिटेस्टचं आहे, तिथूनच सुरुवात. अमेरिकेतला एस अँड पी ५०० निर्देशांक २००९ च्या उन्हाळ्यात कसा वागला ते बघा. मार्चच्या तळापासून तो जवळजवळ चाळीस टक्के वर आला होता. मेच्या सुरुवातीला डावा खांदा झाला, ११ जूनला सुमारे ९५६ वर डोकं, १ जुलैला सुमारे ९३२ वर उजवा खांदा. मधले दोन तळ साधारण ८७९ आणि ८८९. चित्र इतकं सुबक होतं की तिकडे सगळीकडे त्याचीच चर्चा होती. ७ जुलैला निर्देशांक ८८१ वर बंद झाला, म्हणजे नेकलाइन तुटली. दुसऱ्या दिवशी तो दिवसभरात ८६९ पर्यंत खाली गेला. दोन्ही तळांतून काढलेली रेषा किंचित चढती असल्यामुळे ब्रेकच्या दिवशी ती ८९२ च्या आसपास होती. डोक्याखालची उंची सुमारे ७०, म्हणून टार्गेट ८२२. ज्यांनी रेषा ८८० वर आडवी ओढली त्यांचं टार्गेट ८०४ निघालं.

दोन्ही टार्गेटं आली नाहीत. सोमवारी, १३ जुलैला निर्देशांक ९०१ वर बंद झाला. मेसेजप्रमाणे हा रिटेस्ट, म्हणजे अजून शॉर्ट करायचं. पण बंद भाव नेकलाइनच्या वर गेला होता, आणि महिन्याच्या मध्यापर्यंत उजवा खांदाही ओलांडला गेला. २३ जुलैला बंद भाव होता ९७६. ज्याने ८८१ ला शॉर्ट करून ९०१ ला आणखी भर घातली, त्याचं पहिल्या सौद्यात ९५ आणि दुसऱ्यात ७५ अंकांचं नुकसान झालं. वर्षअखेर निर्देशांक १११५ वर होता, तेव्हा थांबून राहूनही सुटका नव्हती.

रिटेस्ट खरा असतो तेव्हा भाव खालून येऊन नेकलाइनला टेकतो, फार तर दिवसभरात थोडा वर डोकावतो, आणि बंद होताना पुन्हा खाली असतो. बंद भाव रेषेच्या वर गेला की पहिली शंका घ्यायची आणि भर घालणं थांबवायचं. उजव्या खांद्याच्या माथ्याच्या वर गेला की पॅटर्न मेला, त्यावर वाद नाही. स्टॉपलॉस तिथेच असतो, कारण त्या भावाला आपलं म्हणणं चुकलं हे चार्टच सांगतो. २००९ मध्ये तो ९३२ च्या जरा वर बसला असता. नुकसान झालं असतं, पण मोजलेलं.

त्या वेळी पॅटर्न का फसला? पॅटर्न बनण्यासाठी आधी उलटण्याजोगी तेजी लागते, ती इथे होती. पण ती एका मोठ्या पडझडीनंतरची पहिलीच उसळी होती, आणि नेकलाइन तुटल्यावर विक्रीचा जोर वाढलाच नाही. ८, ९ आणि १० जुलैला बंद भाव ८८० च्या आसपासच घुटमळत राहिले. ब्रेकनंतर तीन दिवस भाव जागचा हलत नसेल, तर आपल्याबरोबर विकणारा कोणी उरलेला नाही असं समजावं.

आता तिरक्या नेकलाइनबद्दल. फरक पडतो, आणि तो थेट खिशाला पडतो. समजा डोकं १२०० वर, उजवा खांदा ११३०, आणि दोन तळांमध्ये चाळीस दिवसांचं अंतर, डोकं बरोबर मध्ये. एका चार्टवर तळ १००० आणि मग १०६०, दुसऱ्यावर १०६० आणि मग १०००. उंची मोजायची ती डोक्यापासून सरळ खाली रेषेपर्यंत. दोन्हीकडे डोक्याखाली रेषा १०३० वर येते, म्हणून उंची १७०. दुसऱ्या तळानंतर वीस दिवसांनी नेकलाइन तुटली, तर चढत्या रेषेवर ती १०९० ला तुटते आणि उतरत्या रेषेवर ९७० ला. टार्गेटं ९२० आणि ८००. उतरत्या रेषेचं टार्गेट खोल दिसतं म्हणून लोक खूश होतात. पण स्टॉपलॉस दोन्हीकडे ११३० च्या वरच आहे. म्हणजे चढत्या रेषेवर १७० साठी ४० ची जोखीम आणि उतरत्या रेषेवर त्याच १७० साठी १६० ची. दुसरा सौदा मी घेणार नाही, पॅटर्न कितीही देखणा असो.

एक चूक इथे हमखास दिसते: उंची जवळच्या तळापासून मोजणं. वरच्या उदाहरणात १०६० पासून मोजली तर १४० येते, १००० पासून २००. एकाच चार्टवर दोन माणसं दोन वेगळी टार्गेटं सांगतात ती यामुळे.

«१०० टक्के»बद्दल थोडक्यात, आणि इथे एक अर्धं सत्य मान्यही करतो. न्यूयॉर्क फेडरल रिझर्व्ह बँकेत असताना कॅरोल ऑस्लर यांनी हा पॅटर्न संगणकाने शोधून तपासला. केविन चँग यांच्याबरोबरच्या १९९५ च्या अभ्यासात डॉलरच्या तुलनेत सहा चलनं घेतली होती. त्यांपैकी जर्मन मार्क आणि जपानी येनमध्ये पॅटर्नने नफा दिला, बाकीच्या चारांत नाही. १९९८ मध्ये त्यांनी अमेरिकी शेअर्स तपासले. तिथे नफा निघाला नाही, मात्र पॅटर्न पूर्ण होताना उलाढाल वाढलेली आढळली. म्हणजे लोक यावर खरोखर सौदे करतात, भाव मात्र त्यांचं ऐकत नाही. पॅटर्न थोतांड आहे असं मी म्हणत नाही. सहापैकी दोन चलनं हे काहीतरी आहेच, पण १०० टक्क्यांच्या जवळपासही नाही.

राहिलं वीकली पुट. मोजून काढलेलं टार्गेट भाव सांगतं, तारीख सांगत नाही. मामेभावाच्या चार्टवरचा पॅटर्न बनायला दोन महिने लागलेत, आणि त्याच्या पुटला एक्स्पायरीपर्यंत चार दिवस उरलेत. टार्गेट पुढच्या महिन्यात आलं तरी हा पुट तोवर संपलेला असेल. त्याला मी एवढंच सांगितलंय की या दोन महिन्यांच्या चार्टवर सौदा करायचाच असेल तर पुढच्या महिन्याची एक्स्पायरी घे, उजव्या खांद्याच्या वर बंद भाव दिसला की त्याच दिवशी बाहेर पड, आणि रिटेस्टच्या नावाखाली एकही लॉट वाढवू नकोस.