"बिल भरलंस का?" यापलीकडचं बोलणं

नवरा-बायकोत भांडण नाही, संशय नाही, घर व्यवस्थित चाललंय, आणि तरीही दोघांपैकी एकाला (पुष्कळदा दोघांनाही) वाटतं की या घरात मी कुणाला दिसतच नाही. मी केलेली कामं दिसतात, राहून गेलेली तर जास्तच दिसतात, पण मी नाही. या तक्रारीला नाव देणं अवघड असतं, म्हणून ती वर्षानुवर्षं बोललीच जात नाही. बोलली गेली तरी समोरून उत्तर येतं, "अगं, पण आपलं सगळं नीट चाललंय ना?" माझ्या मते या दुखण्याचं मूळ प्रेम आटण्यात कमी आणि बोलण्याच्या सवयीत जास्त असतं. म्हणून त्यावरचे उपायही अगदी साधे, हाताने करायचे आहेत.

आधी एक तपासणी करा. दोघांमधले शेवटचे पन्नास मेसेज उघडा. प्रत्येक मेसेज वाचताना एकच प्रश्न विचारा: घर सांभाळायला ठेवलेल्या एखाद्या चोख व्यवस्थापकाला हा मेसेज जसाच्या तसा पाठवता आला असता का? "निघालास का", "प्लंबर उद्या येतोय", "फीची तारीख बघ", "ओके", अंगठा. हे सगळे पाठवता आले असते. असे मेसेज जास्त असणं वाईट नाही, दोघं नोकरी करत असतील तर ते असणारच. पन्नासात एकही वेगळा सापडला नाही, तर मात्र थांबून विचार करायला हवा.

असं होतं कारण कामाच्या बोलण्याला मुदत असते. बिल उद्यापर्यंत भरायचं आहे, मुलीला सहाला आणायचं आहे. "आज मला फार एकटं वाटलं" या वाक्याला मुदत नाही. ते उद्या सांगता येतं, परवा सांगता येतं, आणि मग सांगायचं राहूनच जातं. दुसरं कारण जास्त खोल आहे. दिवसभर हो-नाही, झालं-नाही झालं अशाच उत्तरांची सवय लागली की कानही तेवढंच टिपतात. समोरचा वेगळं काही बोलला तरी त्यात आपण काम शोधतो, काम नसेल तर वाक्य सोडून देतो.

एक संध्याकाळ जवळून बघू. दोघं नुकतीच घरी आली आहेत. ती पिशवी ठेवताना म्हणते, "आज साहेबांनी सगळ्यांसमोर माझं बोलणं मधेच तोडलं." तो फोनवरून नजर न काढता म्हणतो, "हं. अगं, उद्या क्लासला कोण सोडणार?" ती म्हणते, "मी सोडते." तासाभराने तो म्हणतो, "आज पाठ फारच भरून आलीय." ती म्हणते, "मग डॉक्टरांची वेळ घे ना, किती दिवस सांगतेय." कुणीही वाईट वागलेलं नाही. पण तिच्या वाक्यात "मला अपमान वाटला" होतं आणि त्याच्या वाक्यात "जरा माझ्याजवळ बस" होतं. दोन्ही हाका रिकाम्या परत गेल्या. तिला एका कामाचं उत्तर मिळालं, त्याला एक काम मिळालं. असं रोज झालं की माणूस हाक मारणंच थांबवतो, आणि मग बाहेरून वाटतं, "हल्ली आमच्यात काही वादच नाहीत."

अशा छोट्या हाकांवर मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी अमेरिकेत सिअ‍ॅटलमध्ये बरंच काम केलं. नवविवाहित जोडप्यांना एका फ्लॅटसारख्या प्रयोगशाळेत ठेवून त्यांचं साधं वागणं टिपलं गेलं. सहा वर्षांनंतर पाहिलं तेव्हा, त्यांनी दिलेल्या आकड्यांनुसार, एकत्र राहिलेल्या जोडप्यांनी त्या वेळी जोडीदाराच्या शंभरातल्या सुमारे ८६ हाकांना प्रतिसाद दिलेला होता, तर वेगळ्या झालेल्यांनी सुमारे ३३. हे आकडे आपल्या घरासाठी उद्दिष्ट म्हणून घेऊ नका, तो एका अभ्यासातला निष्कर्ष आहे. त्यातली एक गोष्ट मात्र खूप उपयोगाची आहे: या हाका मोठ्या भावनिक प्रसंगांच्या नव्हत्या. "ते बघ खिडकीबाहेर" एवढ्याच होत्या. म्हणजे दुरुस्तीची जागाही तीच, आठ-दहा सेकंदांची. "साहेबांनी बोलणं तोडलं" यावर "अरे, सगळ्यांसमोर? मग तू काय केलंस?" एवढं पुरतं. क्लासचा प्रश्न त्यानंतर विचारला तर काही बिघडत नाही.

पण नुसतं "लक्ष द्या" सांगून भागत नाही, कारण डोक्यात कामांची गर्दी असताना लक्ष जागेवर राहत नाही. म्हणून आधी कामाच्या बोलण्याला ठरलेली जागा द्या. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, वीस-पंचवीस मिनिटं. शक्यतो सुट्टीच्या दिवशी सकाळी, रात्री दमल्यावर नको. समोर दोघांचं कॅलेंडर. येत्या सात दिवसांत कोण कधी घरी नाही, कुठली देणी आहेत, कुठलं काम कुणाचं, हे ठरवून लिहून टाका. आठवड्यात नवीन काही सुचलं तर ते तोंडाने न सांगता एका सामाईक यादीत टाका. त्याच दिवशी करायचं असेल तेवढंच बोला.

या बैठकीत नेहमी फसतं ते कामाच्या वाटपात. समाजशास्त्रज्ञ अ‍ॅलिसन डॅमिंजर यांनी २०१९ मध्ये घरकामाच्या डोक्यातल्या भागाचे चार टप्पे मांडले: गरज आधी ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि पुढे लक्ष ठेवणं. मुलाच्या दातांचं काम घ्या. दुखतंय हे ओळखलं तिने, डॉक्टर शोधले तिने, वेळ घेतली तिने, पुढची तारीखही तीच लक्षात ठेवणार. तो फक्त गाडीने घेऊन गेला. तो प्रामाणिकपणे म्हणेल, "दाताचं मीच केलं की." आणि तिला वाटेल, माझं काम याला दिसतच नाही. दोघंही खरं बोलतायत. न दिसण्याच्या तक्रारीतला मोठा हिस्सा इथे दडलेला असतो, आणि नुसत्या गोड बोलण्याने तो जात नाही. उपाय असा की काम द्यायचं तर चारही टप्प्यांसकट द्यायचं. दात त्याच्याकडे म्हणजे पुढच्या तपासणीची आठवणही त्याचीच. मग तिने मध्ये विचारायचं नाही, आणि त्याने तिच्या पद्धतीपेक्षा वेगळं केलं तर सुधारायला जायचं नाही. हे दुसरं पथ्य पाळणं फार जड जातं. एक-दोन गोष्टी उशिरा होतील, तेवढं सोसावं लागतं.

आता मोकळ्या झालेल्या जागेबद्दल. रोज पंधरा-वीस मिनिटं, दोघांचे फोन दुसऱ्या खोलीत. या वेळात घर, मुलं, पैसे, नातेवाइकांच्या तक्रारी हे चारही विषय बंद. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं, मग उलट. ऐकणाऱ्याने उपाय सुचवायचा नाही, मागितला तरच द्यायचा. "तू असं का नाही केलंस?" हा प्रश्न तर नकोच, तो सल्ल्याहून वाईट लागतो. "दिवस कसा गेला?" याला "बरा" एवढंच उत्तर मिळतं, म्हणून प्रश्न नेमका ठेवा: आज कुणाचा राग आला? काय मनासारखं झालं? काल त्या सहकाऱ्याचं सांगत होतीस, पुढे काय झालं? यातला शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण काल सांगितलेलं आजही लक्षात आहे हे त्यातून आपोआप कळतं.

आनंदाची बातमी आली तेव्हा तर जास्त जपा. मानसशास्त्रज्ञ शेली गेबल यांच्या संशोधनात दिसलं की चांगल्या गोष्टीवर जोडीदार उत्साहाने दाद देतो की नाही, याचा नात्यातल्या समाधानाशी घट्ट संबंध असतो. "मला तो प्रोजेक्ट मिळाला" यावर "छान. म्हणजे आता आणखी उशीर होणार का?" असं उत्तर मिळालं की पुढची बातमी आधी मित्राला कळते.

पहिल्या आठवड्यात एक गोष्ट हमखास होते. चार विषय बंद केल्यावर बोलायला काहीच सुचत नाही. शांतता अंगावर येते आणि वाटतं, आपल्यात आता काही उरलंच नाही. हा निष्कर्ष घाईचा आहे. सवय गेलेली असते, एवढंच. अशा वेळी समोरासमोर बसण्यापेक्षा बरोबर चाला. नजर भिडवायचं दडपण नसतं, आणि वाटेत दिसणाऱ्या गोष्टीही बोलायला विषय देतात.

जोडीदाराला हे पहिल्यांदा सांगायचं कसं, हा नाजूक भाग. "तुला माझी पर्वाच नाही" असं सुरू केलंत तर समोरचा आपली बाजू मांडू लागेल किंवा गप्प होईल. मग तुम्ही आवाज चढवाल, तो आणखी आत जाईल. एक मागे लागतो, दुसरा पळतो, ही साखळी जोडप्यांवरच्या संशोधनात अनेकदा नोंदलेली आहे. त्याऐवजी एक प्रसंग, एक भावना, एक मागणी, एवढंच बोला. "काल मी ऑफिसचं सांगत होते तेव्हा तू क्लासचं विचारलंस. मला एकदम एकटं वाटलं. घरी आल्यावर पहिली दहा मिनिटं कामाचं नको बोलूया का?" छाती धडधडायला लागली, आवाज चढला, तर किमान वीस मिनिटं थांबा आणि पुन्हा कधी बोलायचं ते सांगून उठा. न सांगता उठून जाणं समोरच्याला पुन्हा तीच जखम देतं.

फरक पडतोय का, हे "आता छान वाटतंय का" यावरून ठरवू नका. मूड रोज बदलतो. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा पन्नास मेसेज उघडा. त्यात "ते झालं का रे, ज्याची तुला धास्ती होती?" असे दोन-चार सापडले तरी गाडी वळली आहे. बैठक होते पण रोजची वीस मिनिटं दर वेळी रद्द होतात, असं दिसलं तर फक्त घराचा कारभार सुधारलाय, नातं आहे तिथेच आहे.

हे सगळं दोघांची इच्छा शाबूत असेल तरच चालतं. बोलण्यात टोमणे आणि तुच्छता असेल, तर वेळापत्रकाने काही होणार नाही, तिथे प्रशिक्षित समुपदेशक लागतो. जोडीदाराला कशातच रस उरला नसेल, झोप-भूक बिघडली असेल आणि हे आठवडेच्या आठवडे चालू असेल, तर ते दुर्लक्ष नसून नैराश्य असू शकतं, आधी डॉक्टरांना दाखवा. आणि बोलायचीच भीती वाटत असेल, फोन-पैशांवर पहारा असेल, मारहाण असेल, तर वरचा एकही उपाय तिथे करू नका. तिथे आधी स्वतःची सुरक्षितता बघा, आणि जोडीने समुपदेशनाला जाण्याआधी एकट्याने विश्वासातल्या माणसाशी किंवा हेल्पलाइनशी बोला.