सैंधव, घरचं लोणचं आणि आठवड्यात उतरणारे तीन किलो

«बीपी आहे? साधं मीठ आजच बंद करा, सैंधव सुरू करा. सैंधवाने बीपी वाढत नाही, उलट आठवड्यात तीन किलो चरबी उतरते. घरचं लोणचं आणि भाजलेला पापड बिनधास्त खा, अळणी जेवायची गरज नाही!»

असा सल्ला सर्रास मिळतो. त्यातला एकेक दावा तपासू, सैंधवापासून सुरुवात करू. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. गुलाबी रंग देणारी खनिजं इतकी किरकोळ असतात की रक्तदाबाला त्यांचा काही फरक पडत नाही. शिवाय जाडसर सैंधवाची चव जिभेवर हळू उतरते, म्हणून हात सैल सुटतो आणि मीठ जास्तच पडतं. साध्या सैंधवात आयोडीनही घातलेलं नसतं. काळं मीठ आणि चाट मसाला यांचाही हिशेब मिठातच धरायचा. सोडियम खरोखर कमी असतं ते ‘लो सोडियम’ मिठात, कारण त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइडचा असतो. पण मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी गोळी चालू असेल, तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मीठ घरात आणू नये.

आता तीन किलो. सलाइनच्या बाटलीत लिटरमागे ९ ग्रॅम मीठ असतं. शरीरात पेशींबाहेरचं पाणीही साधारण त्याच प्रमाणात मीठ धरून असतं. मीठ कमी केलं की जादा पाणी लघवीवाटे जातं आणि पहिल्या चार-पाच दिवसांत काटा किलोभर, कधी थोडा जास्त खाली येतो. किलोभर चरबी उतरायला मात्र जवळपास ७,७०० कॅलरींची तूट लागते. रोज ५०० कमी खाल्ल्या तरी दोन आठवडे जातात. फरक ओळखायला टेप पुरतो: काटा उतरला आणि कंबर तेवढीच, तर गेलं ते पाणी. लग्नाचं एक जेवण झालं की दुसऱ्या दिवशी ते परत येतं. पाणी उतरल्याने रक्तदाबाला फायदा होतो, तो खराच. पण त्याला चरबी म्हणू नये.

घरच्या लोणच्यात फक्त मीठ कोणी मोजलं हे बदलतं. किलोभर कैरीला २०० ग्रॅम मीठ घातलं आणि तेल-मसाल्यासह लोणचं सुमारे १,६०० ग्रॅम भरलं, तर १५ ग्रॅमच्या एका फोडीत जवळपास २ ग्रॅम मीठ आलं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत आहे. लोणच्यातलं मीठ कमी करून भागत नाही, कारण टिकतं ते मिठावरच; कमी पडलं की बुरशी धरते. पापड भाजल्याने तेल वाचतं, वजनासाठी ते चांगलंच, पण मीठ जागचं हलत नाही. त्यात पापडखार असतो, तोही सोडियमचाच क्षार.

घरातलं खरं प्रमाण काढायचं तर मिठाच्या पुडीवर उघडल्याची तारीख लिहा. चार माणसांत किलोची पुडी ३० दिवसांत संपली, तर माणशी रोज ८ ग्रॅमच्या वर गेलं. त्यात पाव, फरसाण, बिस्किटं धरलेलीच नाहीत. चौघांच्या दिवसभराच्या स्वयंपाकाला मिळून चहाचे दोन सपाट चमचे पुरे करायचे. भाकरी, कणीक आणि भातात मीठ घालायचं नाही, म्हणजे ते भाजी-आमटीला उरतं. पालेभाजी शिजून आवळते, म्हणून तिला मीठ शेवटी. आधी अंदाजाने घातलं की हमखास खारट होते. कोशिंबिरीत मीठ नसलं तर पाणी सुटत नाही, वरून लिंबू आणि जिरेपूड पुरते. आंबटपणाने मिठाची उणीव बरीच झाकते. मात्र कोकमाच्या आगळात भरपूर मीठ असतं आणि साठवणीच्या चिंचेलाही बऱ्याचदा मीठ लावलेलं असतं, तिथे आधी चाखून पाहा.

लोणच्याच्या जागी जवसाची चटणी ठेवा. चार मोठे चमचे जवस तडतडेपर्यंत कोरडे भाजा. लसणाच्या आठ पाकळ्या तव्यावर सुकवून घ्या, ओल्या राहिल्या तर चटणीचा गोळा होतो. तीन सुक्या मिरच्या, चमचाभर जिरं आणि अर्धा चमचा आमचूर घालून सगळं जाडसर कुटा. ताटात चहाचे दोन चमचे, साधारण ५० कॅलरी. जवसात तेल असतं, म्हणून त्याहून जास्त नको. मिठाशिवाय ती फार टिकत नाही. फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात संपवा. जिभेला हे पचायला तीन-चार आठवडे लागतात, मग पूर्वीचीच आमटी खारट लागते.

मीठ आणि वजन दोन्ही उतरलं की चालू गोळीचा डोस जास्त होऊ शकतो. उठताना अंधारी आली तर पाच मिनिटं बसून, मग उभं राहून रक्तदाब मोजा आणि दोन्ही आकडे डॉक्टरांना दाखवा. गोळी स्वतःहून अर्धी करू नका.