पिनॅकलपेक्षा चढा भाव, तरीही तोटा

"पिनॅकलचा भाव हाच खरा भाव. कुठल्याही सामन्यात दुसऱ्या साइटवर त्याहून चढा भाव दिसला की डोळे झाकून लावा, फायदा ठरलेला."

मडगाव-फोंड्याच्या फुटबॉलवेड्या पोरांमध्ये हा संदेश फिरतोय. त्यातलं एक खरं आहे. पिनॅकल ही ऑनलाइन पैजा घेणारी साइट कमी मार्जिनवर चालते आणि जिंकणाऱ्याला सहसा हाकलत नाही. त्यामुळे जाणकारांचा पैसा तिथे येतो आणि भाव सुधारत जातो. हौशी गिऱ्हाइकांवर चालणारे बुकी ऑफर वाटतात आणि जिंकणाऱ्याची मर्यादा आवळतात. म्हणून पिनॅकल हे चांगलं माप आहे. पण "खरा भाव" नाही, कारण त्यातही बुकीचा हिस्सा आहे.

समजा, एका सामन्यात अडीचपेक्षा जास्त गोलांना 1.80 आणि कमी गोलांना 2.10 भाव आहे, म्हणजे कमी गोलांवर लावून जिंकलात तर रुपयामागे एकूण 2.10 रुपये हातात. 1 ला प्रत्येक भावाने भागा: 55.56 टक्के आणि 47.62 टक्के. बेरीज 103.18. शंभरावरचा हा भाग म्हणजे मार्जिन. 47.62 ला 103.18 ने भागलं की कमी गोलांची शक्यता सुमारे 46.15 टक्के, म्हणजे रास्त भाव 2.17 च्या आसपास. आता दुसरीकडे 2.14 दिसतोय. 2.10 पेक्षा चढा आहे, तरी शंभर रुपयांमागे सरासरी सव्वा रुपया जातोच. 2.25 मिळाला, तर मात्र जवळपास चार रुपये आपल्या बाजूला येतात. तेही सरासरीने, शेकडो पैजांनंतर.

ही सरळ भागणी दोन बाजू जवळपास सारख्या असतात तेव्हाच चालते. 15 सारख्या मोठ्या भावावर बुकी मार्जिनचा वाटा जास्त टाकतात. तिथे रास्त भाव या हिशेबापेक्षाही वर असतो.

"कुठल्याही" आणि "डोळे झाकून" हे तर सर्वांत घातक. इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये सामन्याच्या तोंडावर मोठ्या रकमा स्वीकारल्या जातात, तेव्हा भाव पक्का असतो. एफसी गोवाच्या सामन्याचा चार दिवस आधीचा भाव तसा नसतो. ओळखायचं कसं, तर जास्तीत जास्त किती रक्कम घेतात ते पाहा. मर्यादा छोटी असेल, तर त्या भावावर खुद्द बुकीचाही भरवसा कमीच. आणि दोन्ही भाव एकाच मिनिटाचे हवेत. जुना भाव लिहून ठेवलेला असेल आणि मधे प्रमुख खेळाडू जखमी झाल्याची बातमी आली, तर दिसणारा फरक खोटा असतो.

"ठरलेला" फायदा तर नाहीच. बरोबर हिशेब करणाऱ्याचं खातं हौशी बुकी काही आठवड्यांतच शंभर-दोनशेच्या मर्यादेवर आणू शकतो. शिवाय मांडवीत कॅसिनो आहेत म्हणून ऑनलाइन पैजही चालते, असं समजू नका. 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आहे. पैसे न लावता कागदावर तपासायचं असेल, तर निवडलेला भाव सामना सुरू होतानाच्या पिनॅकलच्या मार्जिन काढलेल्या भावाशी ताडून पाहा. सातत्याने वर राहत असेल, तरच निवडीत दम आहे.