शिलाई मशीनचं बिल आणि दोऱ्याचं बिल एकाच रकान्यात का जात नाही

«टेलर मंडळींनी ध्यानात ठेवा. शिलाई मशीन धंद्यासाठीच घेता, म्हणजे दोऱ्यासारखाच तो धंद्याचा खर्च. अख्खं बिल त्याच वर्षी खर्चात टाका, टॅक्स वाचेल. दहा हजारांच्या आतल्या वस्तूला तर कोणी विचारतही नाही. आणि मशीनवर नंतर जे काम कराल ती दुरुस्ती, ती कायम खर्चातच.»

टेलर मंडळींना दिला जाणारा हा सल्ला चुकीचा आहे. मशीन आणि दोरा, दोन्ही खर्च धंद्याचेच आहेत, त्यावर वाद नाही. प्रश्न एवढाच की पैसे देऊन हाती काय आलं. दोरा शिवलेल्या कपड्याबरोबर गिऱ्हाइकाच्या घरी जातो. मशीन दुकानातच राहतं आणि पुढची कित्येक वर्षं कमाई करून देतं. म्हणून दोरा हा महसुली खर्च, ज्या वर्षी वापरला त्या वर्षाच्या कमाईतून पूर्ण वजा होतो. मशीन हा भांडवली खर्च. ते ताळेबंदात मालमत्ता म्हणून बसतं आणि दरवर्षी त्याचा फक्त घसारा, म्हणजे झिजेपोटी किमतीचा ठरावीक हिस्सा, खर्चात पडतो.

मालवणच्या बाजारपेठेतलं एक दुकान धरू. चतुर्थीच्या शिलाईची घाई ओळखून 10 ऑगस्टला मोटरवालं नवं मशीन बसवलं. हेड, स्टँड आणि मोटर मिळून जीएसटीसह 26,000 रुपये, कोल्हापूरहून आणायचं भाडं 900 आणि बसवणाऱ्या कारागिराचे 600. भाडं आणि मजुरी एरवी खर्चात जातात, पण इथे नाही, कारण ती दिल्याशिवाय मशीन चालू झालंच नसतं. त्यामुळे मशीनची किंमत 27,500 धरायची. आयकरात अशा यंत्रांना घसाऱ्याचा दर 15 टक्के. पहिल्या वर्षी 4,125 रुपये खर्चात, उरले 23,375. पुढच्या वर्षीचे 15 टक्के या उरलेल्या रकमेवर, मूळ किमतीवर नव्हे.

तारीखही बघावी लागते. त्या आर्थिक वर्षात यंत्र 180 दिवसांपेक्षा कमी वापरलं गेलं तर पहिल्या वर्षी घसारा निम्माच मिळतो. म्हणजे हेच मशीन दिवाळीच्या तोंडावर, ऑक्टोबरच्या मध्यावर बसवलं असतं तर 2,062 रुपये 50 पैसे. मोजायचं ते वापर सुरू झाल्यापासून. बिल ऑगस्टचं, पण खोकं नोव्हेंबरात उघडलं, तर नोव्हेंबरच धरायचा.

आता टॅक्स वाचतो का ते बघू. दुकानाची वर्षाची शिलाई 3,60,000. भाडं 60,000, मदतनिसाचा पगार 84,000, वीज 12,000 आणि वापरलेला दोरा, अस्तर, बटणं 15,000. घसाऱ्याआधीचा नफा 1,89,000, घसारा वजा केल्यावर 1,84,875. दुसरं काही उत्पन्न नसेल तर इतक्या कमाईवर मुळातच आयकर लागत नाही. अख्खं मशीन खर्चात टाकलं तर नफा 1,61,500 दिसेल आणि कर तेव्हाही शून्यच. वाचलं काहीच नाही. उलट कागदावरचा नफा 23,375 रुपयांनी खाली आला आणि मशीन ताळेबंदातून गायब झालं. दुसऱ्या वर्षी ओव्हरलॉकसाठी कर्ज मागायला गेल्यावर बँक हेच दोन आकडे बघते: नफा किती आणि दुकानात माल-यंत्र किती. ज्यांची कमाई करपात्र आहे त्यांनाही खोट्या वजावटीचा उपयोग नाही. तपासणीत ती नाकारली की राहिलेला कर व्याजासह भरावा लागतो. आणि जे उलाढालीच्या ठरावीक टक्केवारीवर अंदाजे नफा दाखवून विवरणपत्र भरतात, त्यांना हा खेळ करताच येत नाही. तिथे घसारा धरूनच टक्केवारी ठरलेली असते, वेगळा मागता येत नाही.

दोऱ्याच्या बाजूनेही एक चूक सर्रास होते. वर्षभरात 18,000 चा दोरा आणि सामान आणलं, 31 मार्चला 3,000 चं कपाटात पडून आहे. खर्च 18,000 नव्हे, 15,000. उरलेलं शिल्लक माल म्हणून पुढच्या वर्षात जातं. पण शिल्लक राहिला म्हणून दोरा भांडवली होत नाही. रिळं तीन वर्षं पुरली तरी ती वापरून संपणारी वस्तूच, त्यांच्यावर घसारा नाही. 31 मार्चला रिळं मोजून एका वहीत उतरवली की काम झालं.

दहा हजारांचा आकडा कुठून आला असावा, याचा अंदाज बांधता येतो. तो रोखीच्या नियमात आहे. यंत्रासाठी एका विक्रेत्याला एका दिवसात 10,000 पेक्षा जास्त रोख दिली, तर ती रक्कम घसाऱ्यासाठी किमतीत धरलीच जात नाही. वरच्या मशीनचे 26,000 नोटांनी मोजून दिले असते तर घसारा उरला असता फक्त 1,500 रुपयांवर. म्हणून हे पैसे खात्यातून द्यावेत. वस्तू भांडवली की महसुली हे मात्र हा नियम ठरवत नाही. 800 रुपयांची कात्री पाच वर्षं चालते, तरी तिचा घसारा लिहीत बसण्यात अर्थ नाही, म्हणून ती खर्चात टाकतात. 9,500 ला घेतलेलं पायमशीन मात्र मालमत्ताच.

दुरुस्तीचा मुद्दा सगळ्यात अवघड, आणि किनाऱ्यावर तो रोजचा आहे. खाऱ्या दमट हवेने हुक आणि बॉबिन केस गंजतात, पावसाळ्यात मशीन आठवडाभर बंद राहिलं तर सुईदांडा अडकतो, मग टाके सुटतात. हुक बदलला, टेन्शन स्प्रिंग बदलली, तेलपाणी केलं, तर मशीन होतं तसं झालं. तो महसुली खर्च. मोटर जळून तशीच दुसरी बसवली तरी तेच, कारण मोटर हा मशीनचा भाग. पण पायमशीनला पहिल्यांदाच मोटर जोडली तर मशीनची ताकद वाढली. ती भर भांडवली, मशीनच्या किमतीत मिळवायची. आणि जुनं मशीन काढून त्याच टेबलावर अख्खं नवं ठेवलं तर ती दुरुस्ती नव्हे. सूतगिरणीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली हेच सांगितलं: गिरणीतलं प्रत्येक यंत्र स्वतंत्र आहे, एक यंत्र पूर्ण बदलणं ही चालू दुरुस्ती ठरत नाही.

जुन्या मशीनच्या खरेदीत तर जवळजवळ प्रत्येकजण चुकतो. 9,000 ला जुनं मशीन घेतलं, गंज काढून, हुक आणि पट्टा बदलून चालू करायला 2,500 लागले. कारागिराच्या बिलावर ‘रिपेअरिंग’ लिहिलेलं असतं, तरी हे 2,500 किमतीतच जातात, मशीन 11,500 चं. सहा महिन्यांनी तोच पट्टा पुन्हा तुटला तर ते बिल खर्चात. म्हणून कारागिराकडून बिलावर तारीख, बदललेला भाग आणि मशीनचा नंबर लिहून घ्यावा. दोन वर्षांनी नुसत्या ‘रिपेअरिंग’ या शब्दावरून कोणालाच सांगता येत नाही की ते काम मशीन चालू होण्याआधीचं होतं की नंतरचं.