माईक तोंडाला चिकटवला की आवाज ‘भरदार’ होतो?

“माईक ओठाला चिकटवून बोला, आवाज रेडिओसारखा भरदार येतो. घुमला तर दोष खोलीचा, भिंतींना गाद्या लावा. प, ब फुटले तर गेन कमी करा. तरीही फुटले तर फोमची टोपी घाला, दोन्ही त्रास जातात.”

हा फॉरवर्ड आमच्या भाचीपर्यंत पोहोचला. तिने खोलीत गाद्या उभ्या केल्या आणि आवाज होता तसाच घुमत राहिला, म्हणून हे लिहितो.

आधी खोलीबद्दल, कारण सगळ्यात जास्त खर्च आणि मनस्ताप याच सल्ल्याने होतो. माईक ओठाला लागलेला असताना त्यात खोली जवळजवळ ऐकूच येत नाही, तोंडाचा आवाज तिला झाकून टाकतो. मग घुमतं काय? गाण्या-बोलण्याचे बहुतेक माईक एकाच दिशेचे असतात. त्यांच्या आतल्या पातळ पडद्याला आवाज पुढूनही पोहोचतो आणि मागच्या फटींतूनही, आणि पडदा हलतो तो या दोन दाबांमधल्या फरकाने. समजा मागून येणाऱ्या आवाजाला ३ सेंटिमीटर जास्त चालावं लागतं. तोंड ६० सेंटिमीटरवर असेल तर पुढचं अंतर ६०, मागचं ६३. दोन्हीकडचा जोर जवळपास सारखाच. तोंड २ सेंटिमीटरवर आणा, आता पुढे २ आणि मागे ५. पुढचा जोर मागच्याच्या अडीचपट झाला. वरच्या पट्टीच्या सुरांत लाट पुढून-मागून पोहोचण्यातल्या वेळेमुळे आधीच मोठा फरक असतो, त्यामुळे तिथे ही भर कळत नाही. खर्जात तो वेळेचा फरक नगण्य असतो, म्हणून सगळी भर तिथेच दिसते. शिवाय लांबून बोलताना खर्ज पडू नये म्हणून बनवणाऱ्याने माईक आधीच खर्जाकडे झुकता ठेवलेला असतो.

शूअर कंपनीच्या एसएम५८ माईकच्या माहितीपत्रकात हे छापलेलं आहे: आवाज ६ मिलिमीटरवर आणला की १०० हर्ट्झच्या खाली ६ ते १० डेसिबलची वाढ. पुरुषी आवाजाचा पाया साधारण याच भागाच्या आसपास असतो. गाद्यांनी यात काही बदलत नाही.

खात्री करायची असेल तर एकच वाक्य आधी ओठ लावून, मग एक वीत लांबून रेकॉर्ड करा. जवळ आल्यावर घुमणं वाढलं तर कारण माईकजवळचं अंतर आहे. लांब गेल्यावर वाढलं तरच खोलीकडे बघा.

भरदारपणाचं अर्धं खरं आहे, ते मान्य. रेडिओचे निवेदक ही खर्जाची वाढ मुद्दाम वापरतात. पण ते अंतर सांभाळून, डोकं न हलवता बोलतात. दोन सेंटिमीटर पुढेमागे झालं तरी आवाजाचा पोत बदलतो, आणि एका वाक्यात जाड, दुसऱ्यात पातळ असा आवाज नंतर सारखा करणं कठीण जातं. ज्याचा आवाज मुळात जाड आहे, त्याचे तर शब्दच गढूळ होतात.

आता फुटणं. हे आवाजाचं नव्हे, वाऱ्याचं काम आहे. तळहात ओठांपुढे चार बोटांवर धरा आणि ‘सकाळ’ म्हणा, मग ‘फटाका’, ‘भाविक’. दुसऱ्या-तिसऱ्या शब्दाला हातावर फुंकर बसते. इंग्रजी सल्ल्यांतून P आणि B उचलून आणले जातात, पण मराठीत फ आणि भ जास्त त्रास देतात, कारण तिथे ओठ उघडताना श्वासही सुटतो. ती फुंकर सरळ पडद्यावर आदळते आणि ‘धप्प’ असा खालचा ठोका नोंदला जातो. गेन, म्हणजे माईकचा आवाज किती उचलायचा ती पातळी, कमी केला की बोलणं आणि ठोका दोन्ही सारखेच बारीक होतात, प्रमाण तेच राहतं. ठोक्याने पातळी लाल रेघेवर जाऊन आवाज फाटत असेल, तर गेन कमी केल्याने फाटणं थांबतं, ठोका नाही.

उपाय दिशेत आहे. फुंकर तोंडासमोर सरळ जाते, आवाज मात्र बाजूलाही पसरतो. म्हणून माईक चार बोटं ते एक वीत लांब, ओठांच्या कोपऱ्याकडे सरकवून आणि ३०-४५ अंश तिरका तोंडाकडे वळवून धरा. फुंकर त्याच्या बाजूने निघून जाते. पॉप फिल्टर, म्हणजे फुंकर अडवणारी जाळी, लावायचा तर माईकला टेकवू नका, मध्ये चार बोटं जागा सोडा, म्हणजे जाळीतून सुटलेला वारा पडद्यापर्यंत जाता जाता विरतो.

फोमची टोपी फुंकर मोडते, जोरदार फ मात्र पातळ फोममधून निघतो. खर्जावर तिचा काहीही परिणाम होत नाही.

झालेलं रेकॉर्डिंग वाचवायचं असेल तर ८० हर्ट्झचा लो-कट, म्हणजे त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर, पूर्ण फाइलला लावा. उरलेला एखादा ‘धप्प’ फक्त तेवढाच तुकडा निवडून १५० हर्ट्झच्या खाली कापा. पूर्ण फाइल १५० वर कापली तर पुरुषी आवाज टेलिफोनवरचा वाटायला लागतो.